नमुना उत्तरातला निवाडा आधी शोधा, मग छापा: न्यायाधीश परीक्षेच्या क्लासना खुले पत्र

प्रति,
दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) परीक्षेचे क्लास चालवणारे संचालक आणि त्या परीक्षेच्या नोट्स, नमुना उत्तरे तयार करणारे शिक्षक यांस,

विषय: एआयने लिहिलेल्या नमुना उत्तरांतील सायटेशन तपासल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या हाती न देण्याबाबत.

स. न. वि. वि.

जेएमएफसीच्या मुख्य परीक्षेसाठी जी नमुना उत्तरे सध्या पीडीएफमधून फिरत आहेत, त्यांतली बरीच एआयकडून लिहून घेतलेली असतात. ते लगेच कळते. भाषा सफाईदार असते, मुद्दे ओळीने आलेले असतात आणि प्रत्येक मुद्द्याखाली एक निवाडा असतो, नाव, साल, खंड, पान सगळ्यासकट. कायद्याच्या उत्तरात निवाडा दिसला की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो, म्हणूनच हे पत्र लिहावे लागत आहे. त्यातले काही निवाडे कधी झालेलेच नाहीत. काही झालेले आहेत, पण उत्तरात त्यांच्या तोंडी जे घातले आहे ते त्यांनी कधी म्हटलेले नाही. विद्यार्थी मात्र सगळेच सारख्या निष्ठेने पाठ करतो.

एआय वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. उत्तराचा सांगाडा बांधायला, प्रश्नाचे उपप्रश्न पाडायला त्याचा उपयोग होतो. आमचे म्हणणे फक्त सायटेशनपुरते आहे. ती ओळ एआयने लिहिली असेल, तर कोणा माणसाने न्यायालयाचा मूळ मजकूर उघडून पाहेपर्यंत ती कोरी आहे असे समजावे.

चूक कशी होते हे आधी नीट समजून घेऊ, कारण ते कळले की कुठे बोट ठेवायचे ते आपोआप कळते. ही साधने उत्तर लिहिताना निवाड्यांचे रजिस्टर उघडून बघतातच असे नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबाने ती मजकूर जुळवतात. सायटेशनचा साचा ठरलेला असतो: पक्षकार, 'विरुद्ध', राज्य, कंसात साल, खंड, एससीसी, पान. साचा भरणे सोपे आहे, म्हणून तो नेहमी भरला जातो. केशवानंद भारती किंवा मनेका गांधी हजारो ठिकाणी लिहिले गेले आहेत, त्यामुळे त्यांचे आकडे सहसा बरोबर येतात. पण प्रश्न जितका बारीक, निवाडा जितका कमी चर्चेतला आणि न्यायालय जितके खालचे, तितकी पोकळी मोठी. ती पोकळी संभाव्य दिसणाऱ्या नावाने आणि आकड्याने भरली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या, विशेषतः औरंगाबाद आणि नागपूर खंडपीठांच्या निवाड्यांबाबत हे जास्त होते. आपल्या विद्यार्थ्यांना तर नेमके तेच निवाडे 'स्थानिक' म्हणून आवडतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत तपासू. प्रश्न नेहमीचा घेऊ: इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात केव्हा ग्राह्य धरला जातो? प्रमाणपत्राच्या आवश्यकतेची चर्चा करा. यावर एआयकडून साधारण असे उत्तर येते, असे धरू:

"भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 65ब(4) नुसार प्रमाणपत्र आवश्यक आहे. अन्वर पी. व्ही. वि. पी. के. बशीर, (2014) 10 एससीसी 473 या खुनाच्या खटल्यात न्यायालयाने हे स्पष्ट केले. मात्र शफी मोहम्मद वि. हिमाचल प्रदेश राज्य, (2018) 2 एससीसी 801 नुसार उपकरण पक्षकाराच्या ताब्यात नसल्यास प्रमाणपत्राची अट शिथिल होते. अर्जुन पंडितराव खोतकर, (2020) 7 एससीसी 1 मध्ये असे ठरले की प्रमाणपत्र दोषारोपपत्रासोबतच दिले पाहिजे, नंतर ते मुळीच स्वीकारता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये व्हॉट्सअॅप संदेशांबाबत हेच मत मांडले."

शेवटच्या वाक्यापुढे एक नाव आणि महाराष्ट्र लॉ जर्नलचे पान असते. तसले बनावट नाव नमुन्यादाखलसुद्धा आम्ही इथे देत नाही. एकदा छापले की ते पुढच्या पीडीएफमध्ये खरे म्हणून उतरते.

या परिच्छेदातला कलमाचा आकडा आणि तिन्ही एससीसी आकडे खरे आहेत. अन्वर, शफी मोहम्मद, खोतकर हे तिन्ही निवाडे अस्तित्वात आहेत आणि सांगितलेल्या पानावरच आहेत. म्हणजे 'निवाडा सापडला, चला पुढे' अशी तपासणी केली तर उत्तर जवळजवळ पास होते. तरी त्यात तीन चुका आणि एक बनावट निवाडा आहे.

तपासणीची सुरुवात संगणक न उघडताच होते. आकडा मुळात शक्य आहे का ते पाहायचे. सर्वोच्च न्यायालय 26 जानेवारी 1950 रोजी अस्तित्वात आले, त्यामुळे 'एआयआर 1947 एससी 67' असे काही असूच शकत नाही. पुलुकुरी कोटय्याचा निवाडा 'एआयआर 1947 पीसी 67' आहे, पीसी म्हणजे प्रिव्ही कौन्सिल. पकाला नारायण स्वामीसुद्धा 'एआयआर 1939 पीसी 47' आहे. जुन्या निवाड्यांमागे एससी लावण्याची चूक एआय करते आणि नोट्स उतरवणारी माणसेही करतात. एससीसी ही मालिका 1969 ला सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या सालाला एससीसी लावलेली दिसली तर तिथेच थांबावे. नव्या कायद्यांबाबत असाच एक सापळा आहे. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू झाले. 2014 च्या निवाड्यात 'नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 चा अर्थ लावला' असे वाक्य आले, तर एआयने जुन्या निवाड्यावर नवा क्रमांक चिकटवला आहे हे उघड आहे. कलम 482 चा घोळ तर फार वाईट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार सांगते. नव्या संहितेत त्याच क्रमांकावर अटकपूर्व जामीन आहे आणि अंगभूत अधिकार 528 वर गेले आहेत. जुना निवाडा आणि नवे कलम एका वाक्यात आले की ते वाक्य दोनदा वाचावे.

आकडा शक्य वाटला की न्यायालयाच्या संकेतस्थळावर जायचे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे `scr.sci.gov.in` आणि `digiscr.sci.gov.in` इथे मोफत मिळतात. उच्च न्यायालयांसाठी `judgments.ecourts.gov.in` आहे, तिथे मुंबई उच्च न्यायालय निवडून शब्दांवरून शोधता येते. `indiankanoon.org` हे खाजगी आहे, पण शोधायला सोयीचे आहे. इथे बहुतेक विद्यार्थी एका गोष्टीला अडखळतात. शासकीय संकेतस्थळावर एससीआर हा न्यायालयाचा अधिकृत अहवाल आहे, आणि एससीसी हा खाजगी प्रकाशकाचा. त्यामुळे एससीसीचा खंड आणि पान तिथल्या सायटेशनच्या चौकटीत टाकून काही मिळत नाही. विद्यार्थ्याला वाटते निवाडा खोटा आहे, किंवा कंटाळून तो तपासणेच सोडून देतो. शासकीय संकेतस्थळावर नावाने किंवा अपील क्रमांकाने शोधावे लागते. खोतकर प्रकरणाचा क्रमांक दिवाणी अपील 20825-20826/2017 आहे. तो टाकला की निवाडा हातात येतो.

नावानेही शोधताना मराठी माणसाची एक वेगळी अडचण होते. न्यायालयाच्या नोंदीतले स्पेलिंग आपल्या उच्चाराप्रमाणे असेलच असे नाही. जालन्यातला माणूस खोतकर प्रकरणातल्या प्रतिवादीचे नाव किसनराव म्हणून शोधेल, पण निवाड्याच्या शीर्षकात `Kailash Kushanrao Gorantyal` असे आहे. शफी मोहम्मदचे स्पेलिंग `Shafhi Mohammad` आहे. मराठी नोट्समधून देवनागरी नाव उचलून ते परत इंग्रजीत लिहिले तर पहिल्या फटक्यात सापडत नाही. म्हणून पूर्ण नाव न टाकता एकच वेगळा शब्द टाकावा, जसे `Gorantyal`, आणि सोबत विषयाचा शब्द, जसे `65B`. नोट्समध्ये देवनागरी नावाखाली न्यायालयाच्या नोंदीतले स्पेलिंग आणि प्रकरण क्रमांक दिला, तर पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याची ही पायपीट वाचेल.

एससीसीचा आकडा बरोबर आहे की नाही, हे पैसे न भरता पडताळण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. आकडा अवतरणचिन्हांत टाकून `indiankanoon.org` वर शोधा:

```
"(2020) 7 SCC 1"
```

सर्वोच्च न्यायालयाचा किंवा उच्च न्यायालयाचा एखादा नंतरचा निवाडा हाच आकडा खोतकरच्या नावापुढे देताना दिसला, तर नाव आणि आकडा यांची गाठ पक्की झाली. नाव वेगळे शोधायचे, आकडा वेगळा शोधायचा आणि दोन्ही एकाच निवाड्यावर येऊन मिळतात का ते पाहायचे. बनावट सायटेशन बहुधा इथेच फुटते. नाव कुठेच सापडत नाही आणि आकड्याखाली भलतेच प्रकरण निघते, जमीन संपादनाचे किंवा सेवाज्येष्ठतेचे. आपल्या उदाहरणातल्या 2021 च्या उच्च न्यायालयाच्या 'निवाड्या'चे असेच होते. अर्जदाराचे आडनाव महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडणारे असते, प्रतिवादी महाराष्ट्र राज्य असते, त्यामुळे नावाने शोधले तर शेकडो प्रकरणे येतात. त्यातले एकही व्हॉट्सअॅप संदेशांवर बोलत नाही. तिथे हार मानून 'असेल कुठेतरी' म्हणू नये.

निवाडा सापडल्यावर खरे काम सुरू होते. पहिल्या पानावर न्यायालय, तारीख, पीठ आणि प्रकरणाचा प्रकार पाहावा. अन्वरच्या निवाड्याची तारीख 18 सप्टेंबर 2014 आहे, पीठ तीन न्यायाधीशांचे आहे, आणि प्रकरण केरळमधल्या विधानसभा निवडणुकीचे आहे. तो खुनाचा खटला नाही. एआयने पुराव्याचा नियम म्हटल्यावर खून जोडला, कारण पुराव्याच्या प्रश्नांत खून वारंवार येतो. ही चूक उत्तराचा निष्कर्ष बदलत नाही, पण परीक्षकाला तो निवाडा माहीत असेल तर विद्यार्थ्याने तो वाचलेला नाही हे एका शब्दात कळते.

शफी मोहम्मदची चूक जड आहे. निवाडा खरा आहे, 30 जानेवारी 2018 चा, दोन न्यायाधीशांच्या पीठाचा. त्यात प्रमाणपत्राची अट शिथिल करता येते असे म्हटले होते, हेही खरे. पण खोतकर निवाड्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने 14 जुलै 2020 रोजी शफी मोहम्मद स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवला, म्हणजे ओव्हररूल केला. उत्तराने त्याला 2020 च्या निवाड्याच्या शेजारी चालू कायदा म्हणून बसवले आहे. असे होते कारण 2018 ते 2020 या काळात शफी मोहम्मदवर पुष्कळ लिहिले गेले आणि तो मजकूर आजही तसाच पडून आहे. एआयला वाक्याचे वजन कळते, त्याचे वय कळतेच असे नाही.

इथे पीठाची संख्या हा चांगला इशारा आहे. अन्वर तीन न्यायाधीशांचा होता, त्याला शफी मोहम्मदचे दोन न्यायाधीश सैल करू शकत नव्हते. म्हणूनच प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. टोमासो ब्रुनो वि. उत्तर प्रदेश राज्य, (2015) 7 एससीसी 178 याची गोष्ट आणखी शिकण्यासारखी आहे. तोही तीन न्यायाधीशांचा, आणि अन्वरनंतरचा. तारखेवरून विद्यार्थी म्हणेल, नंतरचा म्हणजे लागू. पण त्या निवाड्यात अन्वरचा विचारच झालेला नव्हता, म्हणून खोतकरमध्ये त्याला 'पर इन्क्युरियम' म्हटले गेले. नुसती तारीख बघून क्रम लावणाऱ्याला, मग तो माणूस असो वा एआय, हे कळणार नाही. त्यासाठी निवाडा सापडल्यावर त्याचे नाव नंतरच्या निवाड्यांत शोधावे. इंडियन कानूनवर त्या निवाड्याचा उल्लेख कुठे कुठे झाला त्याची यादी मिळते. ती उघडून सर्वांत अलीकडची आणि मोठ्या पीठाची दोन-तीन प्रकरणे वाचली तरी बहुतेक वेळा छडा लागतो. नावाबरोबर `overruled` किंवा `per incuriam` हे शब्द टाकून एक शोध घ्यावाच.

खोतकरबाबतची चूक पकडायला सर्वांत अवघड आहे, कारण तिथे सगळे खरे आहे, फक्त न्यायालय काय म्हणाले ते चुकले आहे. प्रकरण आपल्याच मातीतले आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता. त्यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण पुढे आले. प्रमाणपत्र मागूनही मिळाले नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या साक्षीवरून अटीचे पुरेसे पालन झाले असे धरले आणि इतर पुराव्यासह निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने 'पुरेसे पालन' हा मार्ग मान्य केला नाही, पण इतर पुरावा पुरेसा असल्याने निकाल कायम ठेवला.

प्रमाणपत्र केव्हा द्यायचे, याबद्दल निवाड्यात काय आहे? फौजदारी खटल्यात ते साधारणपणे दोषारोपपत्रासोबत द्यावे. पण खटल्याची सुनावणी संपलेली नसेल तोवर न्यायाधीश कोणत्याही टप्प्यावर ते हजर करण्याचा आदेश देऊ शकतो, फक्त आरोपीचे नुकसान होऊ नये याचे भान ठेवून. प्रमाणपत्र देणारा देत नसेल तर पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करावा, न्यायालय ते मागवू शकते. आणि मूळ उपकरणच, म्हणजे लॅपटॉप किंवा मोबाइल, त्याचा मालक साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर करत असेल, तर प्रमाणपत्र लागत नाही. एआयच्या उत्तरात 'नंतर मुळीच नाही' असे आले. साधारण नियम उचलला गेला आणि त्याचा अपवाद गळाला. समस्यात्मक प्रश्नात नेमका तोच अपवाद विचारतात. सरकारी वकील साक्षीपुरावा चालू असताना प्रमाणपत्र दाखल करू मागतो, न्यायाधीश म्हणून आपण काय कराल? पाठ केलेले उत्तर लिहिणारा अर्ज फेटाळेल आणि गुण घालवेल.

हे कसे तपासायचे? हेडनोटवर थांबायचे नाही. निवाड्याच्या पानावर शोधाची चौकट उघडून `reference is thus answered` हे शब्द टाकायचे, शेवटचा उत्तरांचा भाग येतो. मग `at any stage` टाकायचे, प्रमाणपत्राच्या वेळेचा परिच्छेद येतो. त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचायचा. ते वाक्य न्यायालयाचे आहे की वकिलाच्या युक्तिवादाचा सारांश आहे, हे पाहायलाच हवे. एआयच्या उत्तरांत वकिलाचे म्हणणे न्यायालयाच्या तोंडी घातलेले वारंवार आढळते, कारण निवाड्याच्या पहिल्या अर्ध्या भागात युक्तिवादच असतात आणि त्यांची भाषा ठाम असते. वाक्याआधी `submitted`, `contended`, `argued` असे शब्द असतील तर ते न्यायालयाचे मत नव्हे. परिच्छेदाचा क्रमांक नोंदवताना तो कोणत्या प्रतीतला तेही लिहावे, कारण मूळ प्रतीतले आणि छापील अहवालातले क्रमांक पुढेमागे होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निवाड्यांचे मराठी अनुवादही मिळतात. समजून घ्यायला त्यांची मदत होते, पण पडताळणी इंग्रजी मुळावरूनच करावी.

शेवटी कलम आजचे करावे. 65ब(4) ची जागा आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) ने घेतली आहे आणि तरतूद तशीच्या तशी राहिलेली नाही. प्रमाणपत्र आता अनुसूचीतल्या नमुन्यात, दोन भागांत द्यायचे आहे, एक भाग पक्षकाराचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅश मूल्याची नोंद असते. खोतकर निवाडा जुन्या कलमावरचा आहे, हे उत्तरात एका वाक्यात सांगितले पाहिजे. एआयचे उत्तर इथे दोन्हीपैकी एक चूक करते. नव्या कलमाचा उल्लेखच टाळते, किंवा 2020 च्या निवाड्याने कलम 63 चा अर्थ लावला असे बिनदिक्कत लिहून टाकते.

एवढ्या सगळ्याला वेळ किती लागतो? सरावलेल्या माणसाला ओळखीच्या निवाड्यासाठी पाचएक मिनिटे, अनोळखी निवाड्यासाठी पंधरा-वीस. एका नमुना उत्तरात चार सायटेशन असतील तर तासाभराचे काम. वेळ नसेल तर उत्तरात चारच्या जागी दोन निवाडे ठेवा, पण ते तपासून ठेवा.

तपासणीला दोन खोटे आधार फार घेतले जातात. पहिला म्हणजे एआयलाच विचारणे, 'हा निवाडा खरा आहे का?' न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयातल्या माता विरुद्ध आविआंका या प्रकरणात वकिलाने हेच केले होते. चॅटजीपीटीने दिलेले निवाडे खरे आहेत का, असे त्याने चॅटजीपीटीलाच विचारले, होकार मिळाला आणि तो कागद न्यायालयात दाखल झाला. 22 जून 2023 रोजी त्यावर 5000 डॉलर दंडाचा आदेश झाला. दुसरा आधार म्हणजे गुगलवर तेच सायटेशन आणखी दोन नोट्समध्ये सापडणे. त्या नोट्स एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. शंभर पीडीएफमध्ये असले तरी न्यायालयाच्या मजकुरात नसेल तर तो निवाडा नाही. हे फक्त विद्यार्थ्यांपुरते राहिलेले नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने दिलेले निष्कर्ष उलट तपासल्याशिवाय अर्धन्यायिक अधिकाऱ्याने वापरू नयेत, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. आपले विद्यार्थी उद्या आदेश लिहिणाऱ्या खुर्चीतच बसायला निघाले आहेत.

एक मर्यादाही सांगायला हवी. मोफत संकेतस्थळावर सापडला नाही म्हणून प्रत्येक निवाडा खोटा ठरत नाही. उच्च न्यायालयाचे जुने, छापील अहवालांतच असलेले किंवा अहवालात न आलेले आदेश तिथे नसू शकतात. म्हणून नावाने, आकड्याने आणि विषयाच्या शब्दांनी असे तीनदा शोधावे. तरीही मिळाला नाही तर जिल्हा बार असोसिएशनच्या किंवा विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महाराष्ट्र लॉ जर्नलचा तो खंड काढून पान उघडावे. तेही जमले नाही तर निवाडा वगळावा आणि मुद्दा कलमाच्या आधारावर ठेवावा. 2023 पासून न्यायालये न्यूट्रल सायटेशन देतात, सर्वोच्च न्यायालयासाठी `INSC` आणि मुंबई उच्च न्यायालयासाठी `BHC-AUG`, `BHC-NAG`, `BHC-GOA` अशा खुणांसह. नव्या निवाड्याला तो क्रमांक असेल तर नोट्समध्ये तोच आधी द्यावा, कारण तो टाकून थेट शोधता येतो.

उत्तरपत्रिकेत खंड आणि पान लिहिण्याचा अट्टहास सोडायला शिकवा, असेही आम्हाला वाटते. परीक्षा भवनात पान क्रमांक आठवत बसण्यापेक्षा 'अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये' एवढे लिहून त्यापुढे न्यायालय नेमके काय म्हणाले ते दोन ओळींत लिहिणे जास्त मोलाचे आहे. निवाड्याचे नाव आठवत नसेल तर 'सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे' असे मोघमही लिहू नये. कलम लिहावे, तत्त्व लिहावे आणि प्रश्नातल्या वस्तुस्थितीला लावावे.

आमची आपल्याकडे मागणी अशी आहे. यापुढे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक नमुना उत्तराच्या शेवटी एक छोटा तक्ता द्यावा. त्यात निवाड्याचे न्यायालयीन नोंदीतले नाव, प्रकरण क्रमांक, तारीख, पीठातल्या न्यायाधीशांची संख्या, ज्या परिच्छेदावरून विधान घेतले त्याचा क्रमांक, तो आजही लागू आहे का, आणि कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या संकेतस्थळावर तपासले, हे असावे. तपासलेला नसेल तर त्या रकान्यात 'न तपासलेले' असे स्पष्ट लिहावे. ज्या जुन्या पीडीएफ आधीच विद्यार्थ्यांकडे गेल्या आहेत, त्यातले सापडलेले खोटे निवाडे शुद्धिपत्रात नावानिशी नव्हे, उत्तर क्रमांक आणि ओळ क्रमांक देऊन काढून टाकावेत. सुरुवात पुराव्याच्या प्रकरणापासून करावी. तिथे कलमे बदलली आहेत, निवाडे एकमेकांवर चढले आहेत, आणि मुख्य परीक्षेच्या आधी हाती असलेल्या आठवड्यांत तेवढे एक प्रकरण तरी धुऊन निघेल.

आपले,
कायद्याचे अध्यापन आणि सराव उत्तरपत्रिकांची तपासणी करणारे आम्ही काही जण